सेल्समधून प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये: कस्टमरकडून ऐकलेलं पोझिशनिंगमध्ये आणि लाँचमध्ये कसं उतरतं

सेल्समध्ये काही वर्षं काढलेली माणसं प्रॉडक्ट मार्केटिंगच्या इंटरव्ह्यूला जातात तेव्हा एक वाक्य हमखास असतं, "मी कस्टमरला ओळखतो." आणि ते खरंच असतं, रोज कस्टमरशी बोलणारा माणूस कंपनीत दुसरा कोण असतो? पण समोरचा विचारतो की बरं, मग तुमचं प्रॉडक्ट कोणी घ्यावं आणि कोणी घेऊ नये, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. कारण सेल्समधली माहिती डोक्यात डीलच्या हिशोबाने साठलेली असते, या कंपनीत अमुक मॅडम निर्णय घेतात, त्या कंपनीत आयटीवाले मोडता घालतात, अशी. प्रॉडक्ट मार्केटिंगला लागतं ते वेगळं: कोणत्या परिस्थितीतले लोक, कशाच्या ऐवजी, कशामुळे आपलं प्रॉडक्ट घेतात. माल तोच आहे, फक्त मांडणी पूर्ण बदलावी लागते, आणि ती कशी बदलायची हे मला इथे एका उदाहरणावरून सांगायचंय.

आधी कामाचं स्वरूप थोडक्यात. प्रॉडक्ट मार्केटिंगवाला जाहिराती करत नाही आणि पुढे कोणतं फीचर बनवायचं हेही एकटा ठरवत नाही. आपलं प्रॉडक्ट कोणासाठी आहे, त्यांना काय सांगायचं, आणि नवीन काही बाहेर आलं की सेल्स, सपोर्ट, वेबसाइट सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट कशी येईल हे तो बघतो.

आता उदाहरण. समजा तुम्ही एक सॉफ्टवेअर विकताय. कंपन्या माल मागवतात तेव्हा तीन कागद तयार होतात: परचेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, आणि सप्लायरचं बिल. पैसे देण्याआधी हे तिन्ही जुळायला हवेत, मागवले १००, आले ९०, आणि बिल १०० चं आलं तर थांबवायला हवं. तुमचं सॉफ्टवेअर हे जुळवून बघतं. पण वेबसाइटवर लिहिलंय "खरेदी प्रक्रियेचं संपूर्ण डिजिटल व्यवस्थापन", आणि डेमो दिला की लोक छान छान म्हणतात आणि मग फोन उचलणं बंद करतात. सीआरएममध्ये बघितलं तर डील का गेली याच्यापुढे बहुतेक ठिकाणी एकच कारण, किंमत.

ते कारण धरून चालू नका. सेल्सवाल्यांना हे सांगायची गरजच नाही खरं तर, कारण तो ड्रॉपडाउन क्वार्टर संपताना घाईघाईत कसा भरला जातो हे त्यांनीच बघितलेलं असतं. आणि कस्टमरही नाही म्हणायचं असलं की "बजेट नाही" म्हणतो, त्यात कोणी दुखावलं जात नाही आणि पुढचे प्रश्नही येत नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंनी सोयीचं उत्तर नोंदवलं जातं, आणि त्यावरून कोणी डिस्काउंट वाढवायचा निर्णय घेतला तर आजार एक आणि औषध भलतंच.

त्यापेक्षा आपल्याच शेवटच्या २०-२५ डील्स काढा, जिंकलेल्या, दुसऱ्या कंपनीकडे गेलेल्या, आणि नुसत्याच लटकलेल्या, तिन्ही प्रकारच्या. एका शीटमध्ये चार कॉलम करा. पहिला, आपण येण्याआधी हे लोक हे काम कसं करत होते. दुसरा, नेमकं आत्ताच शोधायला का निघाले, काय घडलं. तिसरा, डेमोमध्ये कुठे पुढे सरकून बसले आणि परत दाखवा म्हणाले. चौथा, गाडी कुठे अडली. आणि हे भरताना आपल्या शब्दांत सारांश लिहायचा नाही, नोट्समध्ये किंवा कॉल रेकॉर्डिंगमध्ये कस्टमरचं जे वाक्य असेल ते जसंच्या तसं उचलायचं, अगदी अर्धवट असलं तरी. "प्रोसेसमध्ये अडचण" असं लिहिलंत तर पुढे काहीच हाती लागत नाही, "स्टोअरची पोरं काही भरणार नाहीत हो" असं लिहिलंत तर लागतं.

समजा २४ डील्स भरल्यावर असं दिसलं: १५ ठिकाणी आधी एक्सेल शीट होती आणि ती सांभाळणारा अकाउंट्समधला एक माणूस, ५ ठिकाणी आहे त्या ईआरपीतलंच मॉड्यूल, आणि फक्त ४ ठिकाणी दुसऱ्या कंपनीचं असंच सॉफ्टवेअर. आता सेल्स टीमकडचं बॅटलकार्ड काढून बघा, ते सगळंच्या सगळं त्या ४ ठिकाणच्या सॉफ्टवेअरशी लढण्यासाठी लिहिलेलं असतं, त्यांच्याकडे हे नाही, आमच्याकडे ते आहे. खरा प्रतिस्पर्धी एक्सेल आहे आणि त्याच्याविरुद्ध कोणाकडे एक ओळसुद्धा नाही. बिझनेसला विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे खूप सर्रास होतं, डील प्रतिस्पर्ध्याकडे जात नाही, ती "आहे तसं चालू दे" याच्याकडे जाते.

दुसऱ्या कॉलममध्ये दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात असं धरू: एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले आणि ते ऑडिटमध्ये सापडलं, किंवा ती शीट सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला. आणि मग जिंकलेल्या डील्स एकत्र ठेवून बघितल्या की एक गंमत दिसते. त्या एका इंडस्ट्रीतल्या नाहीत, एका साइजच्याही नाहीत. त्यांच्यात सारखं एवढंच आहे की माल एका गावाला उतरतो आणि बिल दुसऱ्या गावाला, हेड ऑफिसला येतं. जिथे गोडाऊन आणि अकाउंट्स एकाच इमारतीत आहेत तिथे शंका आली की माणूस खाली जाऊन विचारून येतो, त्याला हा प्रॉब्लेम आहे पण दुखत नाही. तुम्ही सेल्समध्ये असताना अशा एकाच इमारतीतल्या कितीतरी कंपन्यांमागे धावलेले असता, कारण त्या साइजच्या फिल्टरमध्ये बसत होत्या. म्हणून सेगमेंट करताना कर्मचारी किती, उलाढाल किती, याच्या आधी परिस्थिती काय आहे ते बघायचं.

पण या शीटवर लगेच विसंबू नये, कारण ती भरणारे आपणच. माणसाला मोठी डील आणि शेवटची डील जास्त आठवते, आणि ज्यांनी फोन उचलणं बंद केलं त्यांच्या ऑफिसात नंतर काय चर्चा झाली ते आपल्याला ठाऊकच नसतं. म्हणून पुढची पायरी म्हणजे विन-लॉस इंटरव्ह्यू. निर्णय होऊन काही आठवडे झाले की, आठवण ताजी असते तोवर, घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा ८-१० जणांशी अर्धा-अर्धा तास बोलायचं, आणि ज्याने ती डील केली त्याने स्वतः बोलायचं नाही, त्याच्यासमोर लोक सभ्यपणे बोलतात. एकसारख्या परिस्थितीतल्या लोकांशी बोलत असाल तर एवढ्यातच त्याच त्या गोष्टी परत ऐकू यायला लागतात, नाही आल्या तर समजा की आपण वेगवेगळी माणसं एकाच टोपलीत घातलीत.

प्रश्न विचारताना "आमचं प्रॉडक्ट कसं वाटलं" किंवा "अजून कोणती फीचर्स हवीत" हे नको. घडलं तसं क्रमाने विचारायचं. आधीची पद्धत पुरत नाहीये असं पहिल्यांदा कधी वाटलं, त्या दिवशी काय झालं होतं, मग कोणाला सांगितलं, अजून काय काय बघितलं, आणि अगदी शेवटी नको म्हणायची वेळ कशामुळे आली होती. असं विचारलं की माणूस मत देत नाही, गोष्ट सांगतो. उदाहरणार्थ आपल्या केसमधला अकाउंट्स हेड असं काहीतरी म्हणेल: "तशी शीट चाललीच होती हो, पण त्या एका सप्लायरला दोनदा पैसे गेले आणि डायरेक्टरसमोर मला उभं राहावं लागलं, आणि मला तेव्हा सांगताच आलं नाही की असं अजून कुठे झालंय का." शेवटचा तुकडा बघा. त्याला गेलेले पैसे टोचले, पण त्याहून जास्त हे टोचलं की अजून किती गेलेत ते त्याला माहीत नाही. वेबसाइटवरचं संपूर्ण डिजिटल व्यवस्थापन या माणसाच्या जवळपासही फिरकत नाही.

इथे सेल्सवाल्यांना एक सवय मोडावी लागते आणि ती खरंच अवघड आहे. कस्टमरने दुखणं सांगितलं रे सांगितलं की आपण म्हणतो, याच्यावर आमच्याकडे आहे ना. सेल्समध्ये ते बरोबर, इंटरव्ह्यूत त्याने सगळं संपतं, समोरचा परत खरेदीदार होऊन बसतो. इथे फक्त "मग काय झालं?" म्हणायचं आणि गप्प बसायचं.

आता पोझिशनिंग, म्हणजे आपलं प्रॉडक्ट कोणासाठी आणि कशाच्या ऐवजी आहे हे ठरवून मांडणं. यात क्रम फार महत्त्वाचा. आधी लिहायचं की आपण नसतो तर त्यांनी काय केलं असतं. मग त्या पर्यायाकडे नसलेलं आपल्याकडे काय आहे. मग त्याने कस्टमरच्या आयुष्यात काय बदलतं. मग हा बदल सगळ्यात जास्त कोणाला हवाय. आणि सगळ्यात शेवटी, आपण स्वतःला कोणत्या प्रकारचं प्रॉडक्ट म्हणवून घ्यायचं. बहुतेक टीम्स फीचर्सपासून सुरू करतात आणि मग ३०-४० फीचर्सची यादी होते आणि त्यातलं एकही गाळावंसं वाटत नाही. पर्यायापासून सुरुवात केली की यादी आपोआप गळते. आपल्या केसमध्ये पर्याय एक्सेल आहे. मग रिपोर्ट्स? एक्सेलमध्ये निघतात. अप्रूव्हल? ईमेलवर चालतंय त्यांचं. उरतं काय, तर बिल जुळलं नाही तर पेमेंटच्या आधी ते आपोआप थांबतं, आणि दुसऱ्या गावातली मालाची नोंद हेड ऑफिसला त्याच दिवशी दिसते. शीट हे करू शकत नाही, कारण शीट भरेपर्यंत बिल पुढे गेलेलं असतं.

शेवटचा मुद्दा, कोणत्या प्रकारचं प्रॉडक्ट म्हणायचं, हा लोकांना नुसता नावापुरता वाटतो पण मीटिंगला कोण येणार हे त्यावर ठरतं. "खरेदी व्यवस्थापनाचा प्लॅटफॉर्म" म्हटलंत की खरेदी विभागाचे प्रमुख येतात, मागोमाग आयटी येतं, मोठमोठ्या कंपन्यांच्या सिस्टिम्सशी तुलना सुरू होते, लांबलचक चेकलिस्ट हातात येते आणि त्यातल्या अर्ध्या खान्यांपुढे तुम्हाला नाही लिहावं लागतं. "पेमेंटआधी बिलांची तपासणी" म्हटलंत की अकाउंट्स हेड येतो, तुलना एक्सेलशी होते, आणि तिथे तुम्ही जिंकता. प्रॉडक्टमधली एक ओळ कोडही बदललेली नाही, पण समोरचा माणूस बदलला, प्रश्न बदलले, आणि किंमत कशाच्या तुलनेत जास्त वाटते तेही बदललं. तर आपल्या केसमधलं नवीन वाक्य साधारण असं होईल: "माल एकीकडे आणि बिल दुसरीकडे येत असेल, तर चुकीचं बिल पैसे जाण्याआधीच थांबवा." दिसायला साधं आहे, पण यातला प्रत्येक शब्द त्या चार कॉलममधून आलाय.

याला विरोध होणार हे धरून चाला. सेल्स टीम म्हणेल मार्केट लहान केलंत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं, एकाच इमारतीतली एखादी कंपनी आधीच्या वाक्याने आत आली असती ती आता येणार नाही. म्हणून वेबसाइट बदलायच्या आधी ३-४ सेल्सवाल्यांना घेऊन काही आठवडे फक्त नवीन पहिल्या कॉल्सवर हे वापरून बघायचं. बघायचं ते एवढंच की दुसरी मीटिंग मिळते का, आणि कस्टमर मध्येच "म्हणजे तुम्ही अमक्यासारखेच ना" म्हणतो तेव्हा तो अमका कोण असतो. जर अजूनही मोठ्या प्लॅटफॉर्मचंच नाव घेत असेल तर वाक्य लागलेलं नाही. कॉल संपताना "हे तुमच्या साहेबांना कसं सांगाल" हेही विचारावं, उत्तरात आपलं वाक्य थोडंफार त्याच्या भाषेत परत आलं तर ठीक, आणि तो फीचर्सची यादी वाचायला लागला तर अजून काम बाकी आहे.

आता लाँचकडे येऊ. समजा डेव्हलपमेंट टीमने नवीन फीचर बनवलं, गोडाऊनमधला माणूस मोबाइलवरून माल मिळाल्याची नोंद करू शकतो, नेटवर्क नसलं तरी, नंतर ते आपोआप सिंक होतं. सेल्समधून आलेल्या माणसाची पहिली इच्छा असते की गाजावाजा करू, सगळ्यांना मेल, वेबिनार, सगळं. त्याआधी लाँच केवढं ते ठरवायचं असतं, आणि बऱ्याच कंपन्या त्यासाठी तीन पातळ्या ठेवतात. ज्याने नवीन प्रकारचा कस्टमर येऊ शकतो ते मोठं. ज्याने आहेत त्या कस्टमरना किंवा अडकलेल्या डील्सना फरक पडतो ते मधलं. बाकी सगळं रिलीज नोट्समध्ये.

हे फीचर कुठे बसतं? चौथ्या कॉलममध्ये बघा, "स्टोअरची पोरं काही भरणार नाहीत हो." या फीचरमुळे कोणी नव्याने शोधायला निघणार नाहीये, पण ज्या डील्स या वाक्यावर अडल्या होत्या त्यांची अडचण जाते. म्हणजे हे मधल्या पातळीचं लाँच, आणि त्याची सुरुवात जगाला सांगण्यापासून होत नाही, त्या अडकलेल्या डील्सच्या नावांच्या यादीपासून होते. ही यादी मार्केटिंगमधल्या दुसऱ्या कोणाकडे नसते, आणि सेल्समधून आलेल्या माणसाची किंमत मला तरी इथे सगळ्यात जास्त दिसते.

मग प्लॅन. साधारण ६ आठवडे आधी ३ ते ५ कस्टमरना हे वापरायला द्यायचं आणि त्यात किमान एक असा हवा ज्याच्या गोडाऊनमध्ये खरोखर नेटवर्कची बोंब आहे आणि जो नंतर दुसऱ्या कस्टमरशी फोनवर बोलायला तयार होईल. त्यानंतर एका पानावर मेसेज लिहायचा, कोणासाठी, कोणती अडचण, आधी काय व्हायचं, आता काय होतं, पुरावा काय, आणि काय होत नाही. हे शेवटचं लोक गाळतात आणि मग सपोर्टवाल्यांच्या डोक्याला ताप होतो. फीचर सगळ्या प्लॅनमध्ये आहे की वरच्याच, जुन्या फोनवर चालतं का, हे प्रश्न पहिल्याच दिवशी येतात, त्यांची उत्तरं आधी लिहून सपोर्टला द्यायची.

सेल्स ट्रेनिंगमध्ये ४० स्लाइड्स दाखवू नका, सेल्सवाले त्या बघत नाहीत हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार. दोघा-दोघांना समोरासमोर बसवायचं, एकाने कस्टमर व्हायचं आणि म्हणायचं "आमचे स्टोअरवाले भरणार नाहीत", दुसऱ्याने उत्तर द्यायचं. ५ जणांनी ५ वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोष त्यांचा नाही, तुमचं पान नीट लिहिलेलं नाही. आणि बॅटलकार्ड लिहाल तेव्हा फीचरच्या नावाने लिहू नका, कस्टमर जो प्रश्न विचारतो तोच मथळा द्या, म्हणजे कॉल चालू असताना सापडतं.

एक व्यवहाराची गोष्ट, फीचर रिलीज होण्याची तारीख आणि ते जाहीर करण्याची तारीख एकच ठेवू नये. डेव्हलपमेंट पुढे ढकललं जातंच, आणि एकच तारीख असली की सगळ्या टीम्सची धावपळ होते, वर हातात एकही खरा अनुभव नसताना बोलावं लागतं. आधी गुपचूप थोड्यांना द्या, नीट चालतंय हे दिसलं की मग बोला.

लाँच झाल्यावर मेल किती उघडले आणि पोस्टला लाइक किती यावर समाधान मानू नये. या केसमध्ये मोजायचं ते असं: अडकलेल्या डील्सपैकी किती परत बोलायला लागल्या, आणि जुन्या कस्टमरकडे पहिल्या दोन आठवड्यांत किती गोडाऊनमधून पहिली नोंद झाली. पुन्हा ३० आणि ९० दिवसांनी बघायचं. सुरुवातीला नोंदी झाल्या आणि मग थांबल्या तर मेसेज पोचलाय पण फीचरमध्ये काहीतरी टोचतंय, आणि सुरुवातीलाच झाल्या नाहीत तर बहुतेक वेळा गोडाऊनपर्यंत कोणी सांगितलंच नाही, मेल हेड ऑफिसात पडून राहिला.

नोकरी बदलायची असेल तर यातलं बरंच सेल्समध्ये असतानाच करता येतं. ती चार कॉलमची शीट करा, कंपनीतल्या प्रॉडक्ट मार्केटिंगवाल्याला दाखवा, एखादं मधल्या पातळीचं लाँच आपल्या टीमपुरतं चालवायला मागा. इंटरव्ह्यूत बऱ्याच ठिकाणी असाइनमेंट देतात, अमुक प्रॉडक्टचं पोझिशनिंग लिहा किंवा लाँचचा प्लॅन द्या, आणि ज्याने हे एकदा खरं केलंय त्याच्या उत्तरात कस्टमरची वाक्यं असतात. (बाहेर दाखवताना कंपन्यांची नावं आणि आकडे काढून टाका, ती माहिती तुमची नाही.) पगारात इन्सेन्टिव्हचा भाग बहुतेक ठिकाणी कमी होतो, त्याचा हिशोब घरी आधीच करा. आणि थोडक्यात लिहिण्याचा सराव लागतो, कारण बोलताना आवाज आणि चेहरा सांभाळून घेतात, कागदावर ते दोन्ही नसतात.

नव्या कामात एक धोका हमखास येतो. जुने सहकारी येतात, "अगं या एका डीलसाठी एक डेक करून दे ना", आणि आपल्याला त्यांची तगमग कळते म्हणून आपण करून देतो, आणि मग तेच काम होऊन बसतं. आठवड्याचं कॅलेंडर बघा, अर्ध्याहून जास्त वेळ एकेका डीलच्या मागण्यांत जात असेल तर तुम्ही अजून सेल्समध्येच आहात, फक्त टार्गेट नाही. मी प्रत्येकाला एकच विचारते, हे अजून किती डील्समध्ये लागेल? तीन-चार नावं आली तर ते सगळ्यांसाठी करायचं, एकच आलं तर त्याला आधीचं पान देऊन तो भाग त्यालाच बदलायला सांगायचं.

आणि सेल्सचे कॉल्स ऐकणं सोडू नका, आठवड्याला दोन तरी. सेल्स सोडलं की आपली माहिती त्या दिवशीच गोठते आणि वर्षभराने आपण जुन्याच कस्टमरबद्दल बोलत राहतो. ऐकताना विशेषतः पहिल्या कॉलमवर लक्ष ठेवा. आज १५ जण एक्सेल म्हणतायत, पण उद्या ईआरपी कंपन्यांनी त्यांचं मॉड्यूल सुधारलं आणि ५ चे १२ झाले, तर "शीट हे करू शकत नाही" या मुद्द्यावर उभं केलेलं सगळं ढिलं होतं, आणि त्या मॉड्यूलकडे काय नाही इथपासून परत लिहायला बसावं लागतं.